बारमधला धूर थांबला की अटॅक कमी होतात? धूम्रपानबंदीच्या कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी झाली आणि वर्षभरात हृदयविकाराचे रुग्ण 40 टक्क्यांनी घटले, असं वाक्य अधूनमधून फिरत असतं. कुणी 40 म्हणतं, कुणी 17, कुणी अडीच टक्के. गंमत म्हणजे हे तिन्ही आकडे खऱ्या, छापून आलेल्या अभ्यासांतले आहेत. एकाच प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरं का मिळतात, ते समजलं की विषय निम्मा समजला. म्हणून या पानावर कायद्यांची यादी दिलेली नाही. एका छोट्या गावापासून सुरुवात करून हे आकडे कसे बदलत गेले, तेवढंच पाहिलं आहे.

हा विषय सुरू कुठून झाला?

अमेरिकेत मोन्टाना नावाचं डोंगराळ, विरळ वस्तीचं राज्य आहे. हेलेना ही त्याची राजधानी, पण आकाराने आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जून 2002 मध्ये तिथल्या मतदारांनी मतदान करून ठरवलं की बार, हॉटेलं आणि कामाच्या जागा धरून कुठल्याही बंदिस्त सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायचं नाही. 5 जूनपासून नियम लागू झाला. विरोधक न्यायालयात गेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला नियमाला स्थगिती मिळाली. बंदी जेमतेम सहा महिने टिकली.

गावातले दोन डॉक्टर, रिचर्ड सार्जंट आणि रॉबर्ट शेपर्ड, या बंदीच्या बाजूने झटलेले होते. या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल होणारे रुग्ण कमी झालेत, असं दिसल्यावर त्यांनी रुग्णालयाची कागदपत्रं काढली. संख्याशास्त्राच्या बाजूने कॅलिफोर्नियातले स्टॅन्टन ग्लान्झ सोबत आले. 2004 मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

हेलेनाची एक सोय अशी होती की त्या सगळ्या परिसरात हृदयरुग्णांना नेण्यासारखं रुग्णालय एकच होतं. मुंबईत किंवा पुण्यात कुणाला अटॅक आला तर तो कुठल्या रुग्णालयात जाईल याचा नेम नसतो. हेलेनात मात्र सगळे एकाच दारातून आत येत होते, त्यामुळे मोजणी सोपी झाली. शिवाय रुग्णाचा पत्ता शहराच्या हद्दीतला की बाहेरचा, हेही कळत होतं. नियम फक्त हद्दीच्या आत लागू असल्यामुळे बाहेरची वस्ती आपसूकच तुलनेसाठी मिळाली.

नेमकं काय दिसलं?

बाकीच्या वर्षांत जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत शहरातले सरासरी 40 रुग्ण झटका येऊन दाखल होत. बंदीच्या वर्षी ते 24 झाले, म्हणजे 16 कमी. हद्दीबाहेरून येणारे रुग्ण त्याच काळात साधारण 12 वरून 18 वर गेले होते. ही वाढ संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याएवढी नव्हती, पण घट तर नक्कीच नव्हती. आणि बंदी उठल्यानंतर, 2003 मध्ये, शहरातला आकडा पुन्हा वर चढला.

अभ्यासाचं बळ या शेवटच्या गोष्टीत आहे. आकडा नुसता खाली आला असता तर ‘हल्ली औषधं चांगली झाली आहेत’ असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण चांगली औषधं जूनमध्ये येऊन डिसेंबरमध्ये निघून जात नाहीत.

सोळा माणसांच्या फरकावर एवढा गाजावाजा? हा योगायोग नसेल कशावरून?

अगदी रास्त शंका आहे, आणि ती अभ्यास छापून आल्या दिवसापासून घेतली जाते.

एका गावात सहा महिन्यांत सरासरी 40 रुग्ण येत असतील, तर दर वेळी मोजून 40 येणार नाहीत. कधी 35, कधी 46. कुणी काही न करताही अशा आकड्यात साधारण सहाएकचा चढउतार चालूच असतो. 24 म्हणजे सरासरीच्या बरंच खाली, त्यामुळे तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी आहे. कमी आहे, शून्य नाही.

अभ्यासकांनी स्वतःच घटीची मर्यादा दिली होती. त्यांचा हिशेब असा की खरी घट 0.3 ते 31.7 रुग्णांच्या मध्ये कुठेतरी असावी. याची टक्केवारी काढून बघा. 40 पैकी 0.3 म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, आणि 31.7 म्हणजे जवळजवळ 80 टक्के. म्हणजे हेलेनाचे आकडे सांगतात ते एवढंच की घट झाली असावी, पण ती नावापुरती होती की प्रचंड, हे आमच्यावरून ठरवू नका. वर्तमानपत्रांनी मात्र मधला ‘40 टक्के’ तेवढा उचलला. त्याच्या आदल्या वर्षी एका परिषदेत याच अभ्यासाचा प्राथमिक निष्कर्ष सांगितला गेला होता, तेव्हा घट 60 टक्क्यांच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या होत्या. वर्षभरात 60 चे 40 झाले, यावरूनच आकडा किती हलका होता ते समजावं.

आणखी एक उणीव होती. बंदीमुळे बारमधला धूर खरंच किती कमी झाला, हे हेलेनात कुणी मोजलं नव्हतं. लोकांच्या रक्तात काही फरक पडला का, तेही तपासलं नव्हतं. कारण आणि परिणाम यांच्यातला दुवा गृहीतच धरला होता.

पण रक्तवाहिनी तुंबायला वर्षानुवर्षं लागतात ना? मग सहा महिन्यांत फरक कसा पडेल?

कर्करोगाच्या बाबतीत ही शंका बरोबर ठरली असती. धूर थांबल्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आकडे खाली यायला दशकं जातात. हृदयाचं तसं नाही, कारण झटका दोन पायऱ्यांनी येतो.

पहिली पायरी सावकाश चढली जाते. रक्तवाहिनीच्या भिंतीत मेदाचा थर साचत जातो. याला वीस-तीस वर्षंही लागतात आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. दुसरी पायरी मात्र मिनिटांची असते. त्या थराला तडा जातो, तिथे रक्तातल्या प्लेटलेट गोळा होतात, गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. रुग्णालयात माणूस येतो तो या दुसऱ्या पायरीमुळे.

दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर या दुसऱ्या पायरीवरच घाव घालतो. त्याने प्लेटलेट चिकट होतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर वाहिनीला गरजेप्रमाणे सैल सोडत असतं, ते आखडतं. 2001 मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या डॉक्टरांनी धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तरुणांना रुग्णालयातल्या धूम्रपानाच्या खोलीत फक्त 30 मिनिटं बसवलं. जास्त रक्त लागलं तर हृदयाच्या वाहिन्या किती वाढीव प्रवाह देऊ शकतात, हे त्यांनी आधी आणि नंतर मोजलं. अर्ध्या तासात ही क्षमता घसरून नेहमी सिगारेट ओढणाऱ्यांच्या पातळीला आली.

शरीर जितक्या लवकर बिघडतं, साधारण तितक्याच लवकर हा भाग सुधारतोही. धूर थांबल्याने वीस वर्षांचा मेद विरघळत नाही. ज्याच्या वाहिनीत तो आधीच साचलाय, त्याची गुठळी होण्याची घटका टळते किंवा लांबते. म्हणून परिणाम महिन्यांत दिसू शकतो.

बारमधल्या हवेतून माझ्या छातीत जाऊन जाऊन किती धूर जाणार? ओढणाऱ्याच्या एक टक्का?

प्रमाण तेवढंच असेल. फसगत होते ती पुढे. एक टक्का धूर म्हणजे एक टक्का धोका, असा हिशेब आपण मनातल्या मनात करतो, पण हृदयाला हे त्रैराशिक लागू पडत नाही.

2018 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. रोज 20 सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांचा हृदयरोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुप्पट होता. आणि रोज फक्त एक ओढणाऱ्यांचा? त्रैराशिकाने तो पाच टक्क्यांच्या आसपास वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो 48 टक्क्यांनी वाढलेला होता. ‘मी दिवसाला एकच ओढतो हो’ म्हणणाऱ्यांसाठी ही बातमी काही बरी नाही. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांचा धोका साधारण 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो, असं सर्जन जनरल या अमेरिकी सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या 2006 च्या अहवालात आहे. ते याच वक्ररेषेत बसतं. सुरुवातीची चढण उभी आहे, पुढे रस्ता सपाट होत जातो.

हेलेनानंतर हा प्रयोग दुसरीकडे कुणी केला का?

केला, आणि जरा मोठ्या गावात. कोलोराडो राज्यातल्या प्युएब्लो शहरात 1 जुलै 2003 पासून बंदी आली. आधीच्या दीड वर्षात शहरातले 399 रुग्ण झटका येऊन दाखल झाले होते, नंतरच्या दीड वर्षात 291. घट 27 टक्के. त्याच जिल्ह्यातल्या शहराबाहेरच्या भागात आणि शेजारच्या एल पासो जिल्ह्यात, जिथे असा नियम नव्हता, तिथे लक्षणीय फरक दिसला नाही. पुढच्या दीड वर्षात प्युएब्लोचा आकडा आणखी उतरून 237 झाला.

हेलेनापेक्षा हे भक्कम होतं. रुग्ण जास्त होते, काळ मोठा होता आणि कायदा मध्येच उठला नव्हता. पण अडचणही इथेच आली. रुग्णसंख्या तीन वर्षं उतरत राहिली, तर तो सगळा परिणाम बंदीचाच मानायचा का? त्या काळात सगळ्या अमेरिकेतच अटॅकचं प्रमाण हळूहळू घटत होतं. शेजारच्या जिल्ह्याशी केलेली तुलना यासाठीच महत्त्वाची ठरते, आणि ती नसलेला अभ्यास समोर आला तर जरा सावध व्हावं.

सगळ्यात चांगला अभ्यास कोणता म्हणायचा?

माझं मत विचाराल तर स्कॉटलंडचा. तिथे 26 मार्च 2006 पासून देशभर बंदिस्त सार्वजनिक जागांत बंदी लागू झाली. बंदी येणार हे आधी माहीत होतं, म्हणून ग्लासगोतल्या जिल पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी आधीच सुरू केली. हेलेनासारखी मागून फायली उघडायची वेळ आली नाही.

नऊ रुग्णालयं निवडली. छातीत दुखतं म्हणून तातडीने दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तात ट्रोपोनिन सापडलं तरच त्याला मोजायचं, असं ठरलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं हे प्रथिन. दोन्ही वर्षी निकष तोच. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण याच काळात जगभर झटक्याची व्याख्याच बदलत होती. ट्रोपोनिनची नाजूक तपासणी आली, तेव्हा पूर्वी निसटणारे बारीक झटकेही पकडले जाऊ लागले आणि कागदावर रुग्ण वाढले. तपासणी मध्येच बदललेल्या रुग्णालयाच्या जुन्या फायलींवरून काढलेली घट किंवा वाढ दोन्ही फसव्या असू शकतात.

बंदीआधीच्या दहा महिन्यांत 3235 रुग्ण होते, नंतरच्या वर्षी त्याच दहा महिन्यांत 2684. 551 कमी, म्हणजे 17 टक्के.

खरी कमाल यापुढे आहे. रुग्णांना ‘तुम्ही सिगारेट ओढता का’ असं विचारलंच, शिवाय त्यांच्या रक्तातलं कोटिनिन मोजलं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं. न ओढणाऱ्याच्या रक्तात ते थोडंसं सापडलं तर तो दुसऱ्याच्या धुरात बसला होता, असं समजतं. तोंड खोटं बोलेल, रक्त बोलत नाही. कधीच न ओढलेल्या रुग्णांच्या रक्तातलं सरासरी कोटिनिन बंदीनंतर दर मिलिलिटरला 0.68 नॅनोग्रॅमवरून 0.56 वर आलं होतं. हेलेनात जो दुवा गृहीत धरला होता, तो इथे नळीत सापडला.

पण बंदीमुळे लोकांनी सिगारेटच सोडली असेल, तर घट त्यामुळेही झाली असेल ना?

काहींनी नक्कीच सोडली असेल, आणि तोही बंदीचाच फायदा धरायला हरकत नाही. पण स्कॉटलंडच्या आकड्यांत घट वेगवेगळी मोजली आहे. ओढणाऱ्यांमध्ये 14 टक्के, पूर्वी ओढून सोडलेल्यांमध्ये 19 टक्के आणि आयुष्यात कधीच न ओढलेल्यांमध्ये 21 टक्के. एकूण जेवढे रुग्ण कमी झाले, त्यातले दोन-तृतीयांश धूम्रपान न करणारे होते. ज्याने कधी ओढलीच नाही तो सोडणार काय?

झटका येऊन लोक घरीच दगावले असतील आणि म्हणून रुग्णालयात कमी दिसले असतील, अशीही शंका काही जण काढतात. रुग्णालयाबाहेरचे मृत्यूही तपासले गेले. ते वाढले नव्हते, थोडे घटलेच होते.

मग 17 टक्के हा आकडा पक्का मानायचा?

थांबा. त्याच दहा महिन्यांत शेजारच्या इंग्लंडमध्ये, जिथे अजून बंदी नव्हती, असे रुग्ण 4 टक्क्यांनी घटले होते. खुद्द स्कॉटलंडमध्येही आधीच्या दशकात दर वर्षी साधारण 3 टक्के घट होतच होती. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या, रक्तदाबावरची औषधं, लोकांनी सिगारेट कमी करणं, हे सगळं चालूच होतं. नदीचं पाणी आधीच ओसरत असताना तुम्ही दरवाजा उघडला, तर पुढची सगळी घसरण तुमच्या दरवाज्याच्या नावावर टाकता येत नाही. हे वजा केलं तर उरतात 13-14 टक्के. आणि हा हिशेब फक्त एका वर्षाच्या आधारावर आहे.

इंग्लंडमध्ये नंतर बंदी आली, तिथे काय झालं?

1 जुलै 2007 ला आली. 2010 मध्ये तिथला अभ्यास आला आणि त्याने बऱ्याच जणांचा उत्साह मावळला. घट होती 2.4 टक्के.

या अभ्यासाची पद्धत मात्र सगळ्यात कडक होती. त्यांनी एक वर्ष आधी आणि एक वर्ष नंतर अशी सरळ तुलना केली नाही. 2002 पासूनच्या देशभरातल्या तातडीच्या भरत्या घेऊन आधीपासूनची उतरण, ऋतूंचा फरक, थंडी, फ्लूची साथ, नाताळच्या सुट्ट्या, सगळं वेगळं काढलं. मग उरलेल्या रेषेत जुलै 2007 ला पायरी दिसते का, ते पाहिलं. पायरी दिसली, पण छोटी. पहिल्या वर्षात सुमारे 1200 भरत्या कमी.

आता यातलं कमी काय म्हणायचं? टक्के लहान आहेत, पण देश मोठा आहे. हेलेनात 40 टक्के म्हणजे 16 माणसं होती, इंग्लंडमध्ये अडीच टक्केही नाहीत, पण माणसं बाराशे.

आकडा लहान येण्याचं एक कारण पद्धतीत आहे आणि दुसरं वस्तुस्थितीत. इंग्लंडमधली बरीच कार्यालयं आणि दुकानं कायदा येण्याच्या आधीच धूरमुक्त झाली होती. कायद्याने नव्याने साफ केली ती मुख्यतः पब आणि क्लबांची हवा. आधीच बरंचसं पुसलेल्या फळ्यावर ओला बोळा फिरवला तर फारसं काही निघत नाही.

या सगळ्यावर टीका करणारे काय म्हणतात?

टीकाकारांमध्ये तंबाखू कंपन्यांची तळी उचलणारे आहेत, तसे प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञही आहेत. या संख्याशास्त्रज्ञांचं ऐकायला हवं.

त्यांचा मुद्दा असा. समजा शंभर लहान गावांनी बंदी केली. नुसत्या योगायोगाने काही गावांत अटॅक खूप घटतील, काहींत खूप वाढतील. जिथे घटले तिथले डॉक्टर उत्साहाने अभ्यास छापतील. जिथे वाढले तिथे कोण कशाला लिहील? मग छापून आलेले सगळे अभ्यास घटच दाखवणार. 2011 मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने देशभरातल्या रुग्णालयांची माहिती घेऊन नेमकं हेच तपासलं. बंदी केलेल्या ठिकाणांची न केलेल्या ठिकाणांशी शक्य तितक्या जोड्या लावून तुलना केली. त्यांना दिसलं की मोठी घट जितक्या वेळा सापडते, जवळपास तितक्याच वेळा मोठी वाढही सापडते. आणि सगळं एकत्र केल्यावर बंदीचा ठसठशीत परिणाम उरत नाही.

हा घाव हेलेनाला बसतो, प्युएब्लोलाही थोडा लागतो. स्कॉटलंड आणि इंग्लंडला तसा बसत नाही. ते अख्खे देश आहेत, आणि तिथे नशिबाने चांगला निघालेला कोपरा निवडायची सोय नव्हती.

मग तुमच्या मते खरं काय?

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये तोवरचे अकरा अभ्यास तपासले. त्यांतली घट 6 टक्क्यांपासून 47 टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. त्यांचा निष्कर्ष असा की धूर आणि झटके यांचं कार्यकारणाचं नातं आहे, बंदीने झटके कमी होतात, पण किती कमी होतात याचा एक आकडा या अभ्यासांवरून सांगता येत नाही.

मला हे पटतं. रक्तवाहिन्यांवरचे प्रयोग, दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांचा वाढलेला धोका आणि देशपातळीवरची घट, या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. पण चाळीस टक्के कुणी सांगितले तर विचारावं: गाव केवढं होतं? रुग्ण किती होते? शेजारी काय झालं? मोठ्या लोकसंख्येवर, आधीची उतरण वजा करून केलेल्या अभ्यासांत आकडा बहुधा एक अंकी किंवा दहाच्या थोडा वर असतो. इटलीतही जानेवारी 2005 च्या बंदीनंतर रोम शहरात 35 ते 64 वयाच्या लोकांत साधारण 11 टक्के घट मोजली गेली, आणि 65 ते 74 वयाच्या लोकांत 8 टक्के.

भारतात तर बंदी कधीपासून आहे. आपल्याकडे अशी घट दिसली का?

आपल्याकडची बंदी जुनी आहे आणि तिच्यात मुंबईचा हात आहे. गोव्याने 1997 मध्येच धूम्रपान आणि थुंकणं यांच्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2001 मध्ये न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. पुढे 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून हॉटेलं, खासगी कार्यालयं, मॉल, सिनेमागृहं सगळी बंदीखाली आली. दंड 200 रुपयांपर्यंत.

घट दिसली का, याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. स्कॉटलंडसारखी मोजणी इथे का अवघड आहे, ते मात्र सांगता येईल. तिथे प्रत्येक भरतीची नोंद एका राष्ट्रीय यंत्रणेत जाते. आपल्याकडे एकाच शहरात सरकारी, धर्मादाय, खासगी अशी पन्नास दारं, आणि प्रत्येकाची वही वेगळी. शिवाय तिथे कायदा लागू झाल्या दिवशी पबमधली हवा बदलली. आपल्याकडे 2 ऑक्टोबरला एसटी स्टँडवरचा माणूस बिडी विझवून घरी गेला, असं काही झालं नाही. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आणि ठिगळाठिगळाने झाली. पायरीच नसेल तर आलेखात ती शोधणार कुठे?

महाराष्ट्रापुरतं आणखी एक कारण आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात सुमारे 27 टक्के प्रौढ तंबाखू घेतात, पण बिडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी. उरलेले मळून खातात, मिश्री लावतात, गुटखा चघळतात. स्कॉटलंडमध्ये बंदीच्या वेळी चौघांतला एक ओढत होता. आपल्या हवेत धुराचा वाटाच त्या मानाने लहान, आणि खाणाऱ्याच्या तंबाखूचा धूर होत नाही. त्यामुळे बंदी काटेकोर पाळली गेली तरी आपल्याकडची घट टक्क्यांत स्कॉटलंडएवढी दिसेल, अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं ठरेल.

हॉटेलात ‘स्मोकिंग झोन’ असतो. तो चालतो का?

30 किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, 30 किंवा जास्त लोकांची बसायची सोय असलेलं उपाहारगृह आणि विमानतळ, एवढ्यांनाच 2008 च्या नियमांत ही सवलत आहे. तीही अटींवर. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी. मध्ये काचेची अर्धी पार्टिशन घालून पलीकडे अ‍ॅशट्रे ठेवला, तर तो नियमात बसत नाही. परमिट रूममध्ये गल्ल्याच्या मागे ‘नो स्मोकिंग’ची पाटी आणि टेबलावर राखेची वाटी, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसू येतं. अशा ठिकाणी दंड फक्त ओढणाऱ्याला नसतो. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला, जितके गुन्हे झाले तितक्यांचा दंड होऊ शकतो.

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांनी अशा ठिकाणी बसलेलं चालेल का?

वर दोन पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिली त्यांनी आधीच चढलेली आहे. धोका दुसरीचा आहे, आणि ती अर्ध्या तासात चढता येते. हेलेनाचा अभ्यास छापला गेला त्याच अंकात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं की हृदयरोग असलेल्यांना किंवा त्याचा धोका असलेल्यांना, धूम्रपान चालू असलेल्या बंदिस्त जागा टाळायला डॉक्टरांनी सांगावं. सोळा रुग्णांच्या फरकावर शंका घेता येते, या सल्ल्यावर गेल्या वीस वर्षांत कुणी फारशी घेतलेली नाही. आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा अडचण हॉटेलची नव्हतीच. रोज संध्याकाळी कॅरम खेळायला येणारे दोन काका होते, आणि ते बैठकीच्या खोलीत बसूनच ओढत. कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो, त्यामुळे काकांना ते आईनेच सांगितलं. कॅरम बोर्ड आता गच्चीवर असतो.